वर्षअखेरचा क्लिअरन्स सेल: पाच ईमेल

21 डिसेंबर, सकाळी 9
विषय: सात दिवसांनी गोदाम रिकामं करतोय

नमस्कार,

जानेवारीत नव्या बॅगा येतायत आणि जुन्या अजून जागा अडवून बसल्यात. म्हणून क्लिअरन्स सेल: 28 डिसेंबर, सकाळी 10 पासून 31 डिसेंबरच्या रात्री 12 पर्यंत.

आज काहीच विकायचं नाहीये. आवडलेली बॅग विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. सेलची किंमत 25 तारखेपासून तिथेच दिसेल.

25 डिसेंबर, सकाळी 9
विषय: तीन दिवस उरले. काय स्वस्त होतंय आणि का

नमस्कार,

क्लिअरन्स म्हटलं की पहिली शंका येते, मालात काही खोट तर नाही ना? रास्त शंका आहे, म्हणून एकेक सांगतो.

लॅपटॉप बॅगांवर 40 टक्के सूट. नव्या बॅचचा पट्टा वेगळा आहे, एवढंच कारण. कापड तेच, शिलाई तीच.

मोरपंखी आणि मातकट रंगाच्या पाठपिशव्यांवर 50 टक्के. हे रंग आम्हाला फार आवडले होते, तुम्हाला नाही! पुन्हा बनवणार नाही.

प्रवासी बॅगांवर 60 टक्के. यांवर मात्र गोदामात घासल्याचे बारीक ओरखडे आहेत. प्रत्येक बॅगेच्या पानावर ओरखड्याचा फोटो टाकलाय, तो बघूनच घ्या.

सूट आमच्या नेहमीच्या विक्री किमतीवर आहे, सेलसाठी फुगवलेल्या आकड्यावर नाही. चेन किंवा शिलाई उसवली तर 15 दिवसांत बदलून देऊ. रंग आवडला नाही म्हणून मात्र परत घेता येणार नाही.

27 डिसेंबर, संध्याकाळी 6
विषय: उद्या सकाळी 8, इतरांच्या दोन तास आधी

नमस्कार,

सेल सगळ्यांसाठी 10 वाजता उघडेल. तुम्ही आमच्या ईमेल यादीत आहात, म्हणून तुमच्यासाठी 8 वाजता. लिंक सकाळच्या ईमेलमध्ये येईल. पत्ता आणि पेमेंटची माहिती आजच खात्यात भरून ठेवा. कार्टमध्ये टाकलेली बॅग राखून ठेवली जात नाही, पैसे भरल्यावरच ती तुमची.

28 डिसेंबर, सकाळी 8
विषय: उघडलं

सेल सुरू झालाय. पाठपिशव्या सगळ्यांत कमी आहेत, आधी त्या बघा.

[सेल बघा]

31 डिसेंबर, संध्याकाळी 6
विषय: शेवटचे सहा तास, आणि उरलंय काय

नमस्कार,

सेलमध्ये ज्यांनी खरेदी केली त्यांना हा ईमेल पाठवलेला नाही, त्यांना आता कशाला छळायचं!

लॅपटॉप बॅगा संपल्या. मोरपंखी पाठपिशव्याही गेल्या (म्हणजे आमचा अंदाज अगदीच चुकला नव्हता). मातकट 14 उरल्यात, प्रवासी बॅगा 9. रात्री 12 ला पान बंद होईल, मुदत वाढणार नाही.

[उरलेल्या बॅगा बघा]

सेलचे ईमेल नको असतील तर [फक्त तेवढेच बंद करा]. ऑर्डरचे येत राहतील.