साताऱ्याचे पेढे ऑफिसात का पोचले नाहीत: दहा कारणं

शुक्रवारी निघताना मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "सोमवारी चहाला कंदी पेढे." आज सोमवार आहे, चहा आहे, आणि टेबलावर रिकामा बॉक्स आहे. बॉक्स मुद्दाम आणलाय, किलोभर पेढे खरोखर घेतले होते याचा पुरावा म्हणून. पेढे भरले बेचाळीस. त्यांचा हिशेब पुढीलप्रमाणे. फुटकळ कारणं आधी सांगतो.

१०. देव. घरात पेढे आले की आधी देवापुढे, ही आमच्या आईची पद्धत. पाच ठेवले. प्रसाद परत बॉक्समध्ये टाकायचा नसतो, हीसुद्धा आईचीच पद्धत. राहिले सदतीस.

९. शेजारच्या काकू. निरोप द्यायला आल्या, त्यांच्या हातावर दोन ठेवले. बदल्यात त्यांनी दोन किलो वाघ्या घेवडा दिला, खास कोरेगावचा. तो पुण्यात सुखरूप पोचलाय. कुणाला हवा असेल तर सांगा. (पस्तीस.)

८. बायकोची काळजी. ती पुण्याची. म्हणाली, गाडीत ऊन लागून पेढे खराब होतील. आई म्हणाली, "अगं, म्हशीचा खवा, चांगला खरपूस भाजलेला. आठ दिवस काही होत नाही त्याला." बायकोचा विश्वास बसेना. तिनं एक खाऊन पाहिला. मग बॉक्सच्या मधला, मग तळाचा. तिन्ही चांगले निघाले. बत्तीस.

७. आनेवाडी टोलनाका. आमचा फास्टॅग वाचला जाईना. मागे ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना. अशा वेळी माणूस काय करतो? चार. अठ्ठावीस.

६. खंबाटकीचा बोगदा. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय. साताऱ्याहून पुण्याला येताना घाट चढावा लागत नाही, सरळ बोगद्यातून बाहेर पडता येतं. आत शिरलो तेव्हा पेढे अठ्ठावीस होते. बाहेर आलो तेव्हा तेवीस. कुणीच काही बोलेना, कारण कुणालाच बोलता येत नव्हतं. गाडीत आम्ही चौघं: मी, बायको, आई आणि सहा वर्षांची मुलगी. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, याला मुलगी साक्षीदार आहे; तो माझ्या तोंडात तिनंच घातला होता. प्रत्येकी एक धरला तरी चार होतात. पाचवा कुणी खाल्ला? शिरवळपर्यंत हीच चर्चा चालू होती. आई तेवढी खिडकीबाहेर बघत होती.

५. गणित. तेवीसला चारानं भाग जात नाही. तीन खाल्ले, जायला लागला.

४. आईची शुगर. डॉक्टरांनी गोड बंद केलंय. त्यामुळे ती अख्खा पेढा घेतच नाही. "मला अर्धाच दे रे." इतकं पथ्य पाळणारी बाई मी पाहिली नाही. आठ वेळा मागितला, आठही वेळा अर्धाच. उरले सोळा.

३. शिरवळचा चहा. पेढा खाल्ल्यावर चहा अगोड लागतो. चहा अगोड लागला की वर पेढा खावा लागतो. यातून बाहेर कसं पडायचं ते आम्हाला कपभर चहात सुचलं नाही, म्हणून दुसरा कप घेतला. बारा गेले.

२. तुम्ही. हो, तुमच्यासाठीच केलं हे. कात्रजला गाडी अडकली तेव्हा बॉक्समध्ये चार पेढे होते. आपण ऑफिसात अठराजण. अठराजणांत चार पेढे ठेवले तर काय होईल, ते गेल्या दिवाळीत काजूकतलीच्या वेळी आपण सगळ्यांनी पाहिलंय. अकाउंट्सवाले आणि आपण अजून नीट बोलत नाही. पुन्हा तसं नको, म्हणून मी जड मनानं चारही संपवले. एकट्यानं. घेवड्याचं मात्र मनापासून विचारतोय.

१. आणि खरं कारण. मोती चौकात पेढे घेताना दुकानातल्या आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं होतं, "पुण्याला का? मग वाटेतले वेगळे बांधू?" मला जरा रागच आला. म्हटलं, "आजोबा, हे ऑफिससाठी आहेत. वाटेत कोण हात लावणार?" त्यांनी वाद घातला नाही. मुकाट्यानं बॉक्स बांधला आणि वर पावकिलोची एक पुडी ठेवली. "असू दे. वाटेतली."

ती आम्ही पोवई नाक्याच्या आतच संपवली होती. वरच्या बेचाळिसांत ती धरलेली नाही.