मसाल्याच्या पॅकिंगसाठी आणि ग्राहकांच्या मेसेजसाठी मदतनीस हवी

विश्रामबाग, सांगली. कांदा-लसूण आणि गोडा मसाल्याचं घरगुती काम आहे. आजवर सगळं एकटीनंच रेटलं, आता दिवाळीच्या ऑर्डरी झेपेनात. सोमवार ते शनिवार, ११ ते २. महिना ६००० रुपये, पहिल्या आठवड्याचेही पैसे मिळतील. चहा आहेच. शिक्षणाची अट नाही. मराठी नीट टाईप करता यावं आणि मिरचीच्या ठसक्याचा त्रास नसावा. शिंका येणारच, त्याची सवय होते.

पॅकिंग
हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. ओला चमचा मसाल्यात गेला की बुरशी धरते. रिकामं पाऊच काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग मसाला भरायचा. २५० म्हणजे २५० ते २५३ ग्रॅम. कमी तर अजिबात नाही. सील मारण्याआधी पाऊचची आतली कड कोरड्या फडक्यानं पुसा. तिथं मसाल्याचा कण राहिला तर सील वरून पक्कं दिसतं आणि वाटेत तेल सुटतं. कांदा-लसूणला म्हणूनच दुहेरी पाऊच. लेबलवर बॅच आणि तारीख घाला. कुरियरवाला तीनला येतो, त्यामुळे खोकी दोनपर्यंत तयार हवीत.

तपासणी
दर दहावं पाकीट पुन्हा काट्यावर. प्रत्येक पाकीट उलटं धरून तळव्यानं दाबायचं, हवा फुसकली तर नवीन पाऊच. खोकं बंद करण्याआधी ऑर्डर मोठ्यानं वाचा: नाव, मसाला, वजन, पिनकोड. एका वेळी एकच खोकं उघडं. मागच्या दिवाळीत मी दोन शेजारी ठेवली आणि नागपूरचा गोडा पनवेलला गेला. दोन्ही पार्सलं पदरच्या पैशानं पुन्हा पाठवली. चुकलं तर लगेच सांगा, पगारातून कापणार नाही. लपवलं तर मात्र राग येईल.

मेसेज
दुकानाचा फोन इथंच राहील, ग्राहकांचे नंबर स्वतःच्या फोनमध्ये घ्यायचे नाहीत. कामाच्या वेळेत अर्ध्या तासात उत्तर. पत्ता आला की तो परत लिहून विचारा, “ताई, बरोबर आहे ना?” पैशांचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही; आपल्या ॲपमध्ये जमा दिसले तरच ऑर्डर वहीत लिहा. ओटीपी कुणालाही नाही. “पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा” म्हणणाऱ्याला उत्तरच देऊ नका. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही.

“उद्या पोचेल” असं कधीही लिहू नका. “आज कुरियरला दिलंय, ट्रॅकिंग नंबर हा” एवढंच. तक्रार आली तर वाद नको: “माफ करा, पाकिटाचा फोटो पाठवाल का?” आणि फोन माझ्याकडे. पैसे परत द्यायचे की नवीन पाकीट, ते मी ठरवेन.

भेटायला गुरुवारी किंवा शुक्रवारी, दुपारी ४ नंतर या. दहा पाकिटं भरून बघू, त्याचे १०० रुपये लगेच हातात. दुसरा मजला, जिन्यातच वास येतो.