जुन्या चिठ्ठीवरची गोळी
(अशोक चौकाजवळचं मेडिकल, सोलापूर)

— दादा, डायक्लोफिनॅकच्या दोन पट्ट्या द्या की ओ. गुडघे लई दुखायलेत.

— चिठ्ठी दाखवा, मावशी.

— ही काय.

— ही 2 वर्षांपूर्वीची आहे. डॉक्टरांनी 5 दिवसांच्याच लिहिल्यात. रोज घेता?

— घेतल्याशिवाय कारखान्यात उभं राहवत नाही ओ.

— त्रास कळतोय मला. पण बीपीची गोळीही चालू आहे ना? ह्या गोळीनं बीपी वाढतं, किडनीला इजा होते, पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं. संडास काळी होते का? पाय सुजतात?

— काळी नाही. पाय सुजतात संध्याकाळी. उभं राहून असंल.

— असेलही, पण तपासल्याशिवाय कसं सांगणार? नवीन चिठ्ठीशिवाय आता ही गोळी देणार नाही.

— मग आज काय करू?

— आजच्यापुरत्या पॅरासिटामॉल 500 च्या 2 गोळ्या देतो. एका वेळी एकच, मध्ये 6 तास जाऊ द्या. उद्या सिव्हिलच्या ओपीडीत जा. बीपी बघतील, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं का तेही विचारा. काय काय घेता ते कागदावर लिहून देतो.

— उद्या खाडा पडंल की.

— पडू दे, मावशी. संडास काळी झाली तर मात्र उद्याची वाट बघू नका, लगेच जा.

— बरं. लिहा मग, मोठ्या अक्षरात.