पुढच्या हंगामाचे भांडवल : सीमांत खर्चाचा तक्ता आणि कोणती कामे घ्यावीत

प्रति : अण्णा आणि सर्व संचालक
कडून : लेखा व वित्त विभाग, नाशिक कार्यालय

पाच प्रस्ताव टेबलावर आहेत. सगळे मिळून १४ कोटींचे. मागच्या बैठकीत एक वाक्य तीनदा आले : "बँक १० टक्क्यांनी देते, मग १२ टक्के सुटले तरी फायदाच." या टिपणातला सगळा हिशोब त्या वाक्याला उत्तर म्हणून मांडला आहे.

आपण कर्ज ४० आणि स्वतःचे भांडवल ६० असे प्रमाण ठरवले आहे, आणि ते मोडू नये असे माझे ठाम मत आहे. द्राक्ष तोडणीला आले असताना अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की पॅकहाऊस रिकामे राहते, हप्ता मात्र थांबत नाही. रेफर गाड्या पूर्ण कर्जावर घेतल्या तर ते कर्ज गाड्यांपुरते स्वस्त दिसेल. पण त्याच पतीवर शीतगृहासाठी जे कर्ज मिळाले असते, ते संपलेले असेल.

आता एकेका पैशाचा भाव. बँकेची मुदत कर्जाची तयारी ४ कोटींपर्यंत १० टक्क्यांनी आहे, त्यापुढे १२ टक्क्यांनी. आपला कर २५.१७ टक्के (२२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर), म्हणून करानंतर हे दर ७.४८ आणि ८.९८ पडतात.

लाभांश देऊन आणि यंत्रांच्या बदलीची तरतूद बाजूला काढून ४.५ कोटी नफा हाती राहतो. तो फुकटचा नाही, भागधारकांचा आहे. शेअरचे मूल्यांकन ५०० रुपये, पुढचा लाभांश ३० रुपये आणि वाढ १० टक्के धरली तर त्याचा खर्च ६ + १० म्हणजे १६ टक्के. नवे शेअर काढले तर बाहेरचा गुंतवणूकदार ४०० च्या वर जायला तयार नाही आणि कागदपत्रांचा खर्च शेअरमागे २५ रुपये. हातात ३७५ येतात, म्हणून ८ + १० म्हणजे १८ टक्के.

स्वस्त पैसा कुठे संपतो? नफा ४.५ ÷ ०.६० = ७.५ कोटींवर, आणि १० टक्क्यांचे कर्ज ४ ÷ ०.४० = १० कोटींवर.

| एकूण उभारणी | भारित सरासरी खर्च |
|---|---|
| ७.५ कोटींपर्यंत | १२.५९ टक्के |
| ७.५ ते १० कोटी | १३.७९ टक्के |
| १० कोटींच्या वर | १४.३९ टक्के |

आणि आयआरआरच्या उतरत्या क्रमाने प्रस्ताव :

| काम | रक्कम (कोटी) | आयआरआर | बेरीज (कोटी) |
|---|---|---|---|
| प्री-कूलिंग चेंबर | ३ | १८.५ | ३ |
| छतावरचे सोलर | २.५ | १५.२ | ५.५ |
| तिसरे शीतगृह | ३ | १४.१ | ८.५ |
| बेदाणा युनिट | ३.५ | १३.९ | १२ |
| रेफर गाड्या | २ | १२.२ | १४ |

पहिल्या दोन कामांवर चर्चेची गरज नाही. शीतगृहाचे २ कोटी १२.५९ ने आणि १ कोटी १३.७९ ने येतात, सरासरी १२.९९. तेही घ्यावे. गाड्या सर्वांत स्वस्त टप्प्यातही बसत नाहीत.

खरा प्रश्न बेदाण्याचा आहे. अण्णा, या युनिटमागे तुमचा किती जीव आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून हा आकडा मी तीनदा तपासला. १.५ कोटी १३.७९ ने आणि २ कोटी १४.३९ ने, सरासरी १४.१३. उत्पन्न १३.९. अर्धे युनिट उभारले तर पहिला तुकडा जेमतेम बसतो, पण वाळवणी, प्रतवारी आणि पॅकिंगची लाईन अर्धी उभारून उपयोग नाही. "बेदाणा आधी धरा, शीतगृह नंतर" असे कोणी म्हणेल. क्रम बदलल्याने १२ कोटींमधले शेवटचे २ कोटी स्वस्त होत नाहीत. शीतगृहाऐवजी बेदाणा घेतला तर त्याला खर्च १३.१० पडतो, म्हणजे तो बसतो, पण शीतगृहापेक्षा फरक कमी राहतो.

दार मात्र बंद नाही. बँकेने १० टक्क्यांची मर्यादा ४.८ कोटींपर्यंत नेली तर १२ कोटींपर्यंत खर्च १३.७९ वरच थांबतो आणि बेदाणा ०.११ टक्क्यांनी पार होतो. इतक्या पातळ फरकावर मी आज सही करणार नाही. बेदाण्याचा भाव जरा घसरला तरी तो पुसला जाईल.

मंजुरी हवी आहे ती ८.५ कोटींची : कर्ज ३.४ कोटी, राखलेला नफा ४.५ कोटी, नवे शेअर ६० लाख. हे शेअर बाहेर देण्याआधी सध्याच्या भागधारकांना विचारावे. बँकेशी मर्यादेची बोलणी मी या आठवड्यातच सुरू करतो. प्री-कूलिंगची ऑर्डर मात्र आत्ताच द्यावी लागेल, नाहीतर जानेवारीच्या तोडणीला चेंबर उभे राहणार नाही.