चिऊ, मी आणि ऑफिस: 8 डिसेंबर ते जानेवारीअखेर

आई, निखिल आणि सुरेखाताई, हे तुम्हा तिघांसाठी. एक प्रत फ्रीजच्या दारावर, एक निखिलच्या फोनमध्ये. 10 जुलैपासूनची 26 आठवड्यांची रजा 7 जानेवारीला संपते. 8 तारखेला, गुरुवारी, मी रुजू होणार. मुद्दाम गुरुवार मागून घेतला, म्हणजे पहिला आठवडा दोनच दिवसांचा. त्या दिवशी चिऊ साडेपाच महिन्यांची असेल. म्हणजे पहिले दोन आठवडे फक्त माझंच दूध, वरचं काही नाही, पाणीही नाही. घुटीबद्दल आपलं बोलणं झालंय, आई.

8 ते 14 डिसेंबर. सकाळी सहाच्या पाजण्यानंतर अर्ध्या तासाने मी एकदा पंप करेन. सुरुवातीला 30-40 मिली निघालं तरी कुणी "एवढंच?" म्हणायचं नाही. नुकतीच पिऊन झालेली असते ती, उरलेलं ते निघतं. दुपारी तेवढं दूध आई चिऊला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतील. बाटली नको असं मला वाटतं. बोंडलं घरात आहे, उकळून घ्यायला सोपं आहे, आणि निखिलला त्याच्यानेच वाढवलंय. फार भुकेली असताना नवा प्रयोग करू नका, झोपेतून उठून हसरी असेल तेव्हाच. मी त्या वेळी दुसऱ्या खोलीत असेन. माझा आवाज आला की ती वाटीकडे बघणारच नाही.

15 ते 21 डिसेंबर. मी रोज दोन तास घराबाहेर. भाजी, बँक, नाहीतर नुसतं स्टेशनपर्यंत चालत. जाताना चिऊला सांगून जाणार, "येते गं". आई, "नजर चुकवून जा, रडणार नाही" हे मला पटत नाही. तिला जाणं आणि परत येणं दोन्ही कळू दे. पहिले दोन-तीन दिवस रडेल, माझाही पान्हा फुटेल, चालायचंच.

22 ते 28 डिसेंबर. चार तास, दोन वेळचं दूध. या आठवड्यापासून सुरेखाताई पूर्ण दिवस. पहिले तीन दिवस आई पाजतील आणि ताई शेजारी बसतील, मग उलट. रोज थोडं दूध फ्रीजरमध्ये जाईल. बरणीभर साठा करायचा नाहीये. उद्याचं उद्या पुरावं आणि अडीअडचणीला दोन वेळचं असावं, बस.

29 डिसेंबर ते 4 जानेवारी. एका दिवशी पूर्ण तालीम. सव्वाआठला निघून मुलुंडहून लोकलने फोर्ट, ऑफिसच्या खोलीत पंप, आणि परत. घरी पोचायला पावणेसात होतील. काय अडतं ते तेव्हाच कळू दे.

एखादा टप्पा जमला नाही तर तोच पुन्हा करू. आणि तालमीतच फार बिनसलं, तर आणखी आठवडाभर अर्धी रजा मिळेल का हे मी आधीच विचारून ठेवलंय.

किती दूध लागेल. मी साडेदहा तास नसेन. तासाला साधारण 30 ते 45 मिली धरलं तर 315 ते 470 मिली होतं, मध्यावर 400 च्या आसपास. म्हणून 90-100 मिलीच्या तीन डब्या आणि 60 च्या दोन. आधी 60 द्या, मागितलं तर वाढवा. तोंड फिरवलं की थांबायचं, "एवढं संपव गं" नाही. डबीत ओतलेलं दूध उष्टं झालं की दोन तासांत संपवा, नाहीतर फेका. मला दुखेल, पण फेकाच.

ठेवायचं कसं. मुंबईच्या उकाड्यात ओट्यावर चार तासांपेक्षा जास्त नको. फ्रीजमध्ये चार दिवस, पण आतल्या बाजूला, दारात नाही. प्रत्येक डबीवर तारीख, जुनी आधी. गोठलेलं दूध रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा, वितळल्यावर 24 तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका. कोमट करायला गरम पाण्याच्या पातेल्यात डबी उभी करा. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच. वर साय धरते, हलकेच हलवलं की मिसळते. वीज गेली तर फ्रीज उघडून बघू नका.

आई, "काढलेलं दूध शिळं" ही शंका मनातून काढा. सायनच्या रुग्णालयात 1989 पासून दूधपेढी आहे, आयांनी दिलेलं दूध तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजतात. आपली चिऊ तर धडधाकट आहे.

ऑफिसात. पावणेअकरा, दीड, सव्वाचार. आतून कडी लागणारी लहान मीटिंगची खोली मिळाली आहे. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दोन जास्तीचे ब्रेक कायद्यानेच आहेत, तिसरा मी जेवणाच्या सुट्टीत बसवते. दूध बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेतून घरी. निखिल, दीडला तिचा एक फोटो पाठवायची आठवण तू करायचीस. फोटो बघून दूध पटकन उतरतं, अनुभव आहे. व्हिडिओ कॉल मात्र नको. ती मला शोधत बसते, आणि मी बाथरूममध्ये रडत.

8 जानेवारीपासून. गुरुवार-शुक्रवार ऑफिस. पुढच्या आठवड्यात बुधवारी, 14 तारखेला, रजा: संक्रांत आहे, चिऊचं बोरन्हाण संध्याकाळी. (हलव्याचे दागिने फक्त फोटोपुरते, बोरं-चुरमुरे तिच्या हाताला लागू द्यायचे नाहीत.) त्यापुढे बुधवार घरून काम. 22 ला सहा महिने पूर्ण, मग सुट्टीच्या दिवशी मी घरी असताना पहिला घास: मऊ पेज, दोन-तीन चमचे. नाचणी नंतर. मीठ-साखर नाही, आणि मध वर्षभर नाहीच. खाणं सुरू झालं म्हणून दूध कमी करायचं नाही.

घरी आल्यावर. शेवटचं दूध साडेपाचनंतर देऊ नका. रडलीच तर 30 मिली, तेवढ्यावर दम निघतो. मी हात-तोंड धुऊन कपडे बदलेन आणि थेट पाजायला बसेन. त्या अर्ध्या तासात शेजारच्या काकू, कुरिअर, "भाजी काय करू" हे सगळं निखिलकडे. रात्रीचं पाजणं माझ्याकडेच राहील. दिवसभराची कसर ती रात्री भरून काढेल, जास्त वेळा उठेल. "दूध कमी पडतंय म्हणून उठते" असं कुणी ठरवू नये. रात्री पाजलं की दूध टिकतं. त्यासाठी पहाटेचा डबा आणि भांडी निखिल करेल, हे त्याने कबूल केलंय आणि इथे लिहूनच ठेवते. रविवारचं तेल लावणं आणि आंघोळ माझी.

लगेच फोन करा: दिवसभरात सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, ओळीने दोन वेळा दूध घेतलंच नाही, किंवा ती मलूल वाटली. माझ्या छातीत गाठ येऊन ताप आला तर मी पाजणं थांबवणार नाही, डॉक्टरांकडे जाईन. तेव्हा निखिलने अर्धी सुट्टी टाकायची.

ट्रेन बंद पडली तर फ्रीजरमधलं अडीअडचणीचं दोन वेळचं दूध त्याचसाठी आहे. मी कुर्ल्याला अडकले असेन, काळजी नको.

– मृदुला