मावशी, तुझ्या दातांच्या एस्टिमेटचा फोटो पाहिला

मावशी, फोटो तिरका आलाय आणि उजवी कड थोडी कापली गेलीय, पण मोठा करून सगळं वाचता आलं. आधी तुझी मुख्य काळजी मिटवते. "चौतीस नंबरचा चांगला दात काढायला सांगतायत" असं तू म्हणालीस ना? तो चौतीस नाहीच, ३८ आहे. डॉक्टरांनी इंग्रजी आठ वरून उघडा काढलाय आणि तू तो मराठी चार म्हणून वाचलास. शेजारच्या रकान्यात 'इम्पॅक्टेड' लिहिलंय, म्हणजे हाडात अडकलेली अक्कलदाढ. चौथा दात असा अडकलेला असता तर तो तुला आरशात दिसलाच नसता.

आता हे आकडे. ते छत्तीस, सेहेचाळीस असे वाचायचेच नसतात. तीन-सहा, चार-सहा असं सुटं म्हणायचं. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो: वर उजवीकडे १, वर डावीकडे २, खाली डावीकडे ३, खाली उजवीकडे ४. उजवं-डावं तुझं स्वतःचं, समोर उभ्या डॉक्टरांचं नाही. दुसरा आकडा म्हणजे मधल्या रेषेपासून मागे मोजत गेल्यावर कितवा दात. १ आणि २ पटाशीचे, ३ सुळा, ४ आणि ५ उपदाढा, ६, ७, ८ दाढा. आठवी ती अक्कलदाढ. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मधोमध ठेव आणि उजवीकडे एकेक दात मोजत जा. सहाव्यावर जिथे ठणकतं, तीच तुझी ४६.

वर डावीकडे मोजताना मात्र एक घोळ होईल. तिथली पाचवी तू मागेच काढून घेतलीस. ती जागा रिकामी असली तरी तिचा नंबर तिच्याच नावावर राहतो, म्हणून खड्डासुद्धा मोजायचा. नाहीतर २६ ला तू २५ म्हणशील आणि पुढचा सगळा हिशेब एका घराने सरकेल.

जुन्या एक्स-रेच्या पाकिटावर "३०" लिहिलंय, तेही बरोबरच आहे. काही ठिकाणी वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ ते ३२ असे सलग नंबर देतात. त्या पद्धतीत ३० म्हणजे आपली ४६च. या एस्टिमेटच्या पद्धतीत ३० नंबर नसतोच, कारण दुसरा आकडा १ ते ८ च्या बाहेर जात नाही.

४६ च्या पुढे तीन ओळी आहेत आणि तुला वाटलं एकाच दाढेचे तीनदा पैसे लावलेत. तसं नाही. 'आरसीटी' ५,५०० म्हणजे रूट कॅनाल: आतली सडलेली नस काढून नळ्या साफ करायच्या आणि भरून बंद करायच्या. खालच्या सहाव्या दाढेला बहुतेकदा तीन नळ्या असतात, कधी चार. दर पूर्ण दाढेचा दिसतोय, नळीमागे नाही. चौथी सापडली तर पैसे वाढणार का, एवढं विचारून घे. 'कोअर बिल्ड-अप' १,५०० म्हणजे किडीने पोखरलेला वरचा भाग पुन्हा बांधून काढणं. ते केलं नाही तर कॅपला धरायला काही उरत नाही. मग 'झिर्कोनिया क्राउन' ९,०००, म्हणजे आपण कॅप म्हणतो ती, आत धातू नसलेली. रूट कॅनालनंतर दाढ कमजोर होते, त्यामुळे "कॅप नंतर बघू" म्हणत महिनोन्महिने काढू नकोस. अशा दाढा चावताना उभ्या चिरतात. मी त्या दर आठवड्याला बघते आणि बऱ्याचदा त्या काढूनच टाकाव्या लागतात.

पुढची ओळ '२४-२५-२६ पीएफएम ब्रिज, ३ युनिट × ५,०००', एकूण १५,०००. एकच दात गेलाय तर तीन युनिट कसे? ब्रिज म्हणजे पूलच. मधला खोटा दात २५ च्या जागी आणि त्याला उचलून धरणाऱ्या दोन कॅपा, २४ आणि २६ वर. तिन्ही एकत्र जोडून येतात आणि पैसे तिन्हींचे लागतात, खोट्या दाताचेही. पीएफएम म्हणजे आत धातू, वरून दातासारखं पोर्सेलिन. हिरडी मागे सरकली तर कडेला काळसर रेघ दिसू शकते, पण इतक्या मागे कुणाला दिसणार? मला खटकतंय ते वेगळंच. २६ मध्ये आधीच मोठं सिमेंट आहे, तिला कॅप बसली तर फायदाच. पण २४ तू कधी डॉक्टरला दाखवलेलाही नाहीस, इतका धडधाकट आहे. त्याला घासून बारीक करायचं आणि घासलेलं परत येत नाही. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा खोटा दात, बसेल का, हाड पुरेसं आहे का, हे विचारल्याशिवाय या ओळीला हो म्हणू नकोस. घाईही नाहीये, ती जागा कधीपासूनच रिकामी आहे.

'३६ डीओ कॉम्पोझिट' २,००० हे साधं सिमेंट, दाताच्या रंगाचं. डी म्हणजे मागची बाजू, ओ म्हणजे चावायची बाजू. दोन बाजू धरल्यात, म्हणून एका बाजूच्या भरण्यापेक्षा दर जास्त. ३८ चं सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन ७,०००: हिरडीला छेद, लागलं तर थोडं हाड कापणं आणि टाके. टाके काढण्याची व्हिजिट यातच धरलीय का, ते लिहिलेलं नाही. 'आयओपीए × २' ६०० म्हणजे दोन छोटे एक्स-रे आणि 'स्केलिंग' १,५०० म्हणजे सगळ्या दातांची साफसफाई. ती पूर्ण तोंडाची एकदाच लागते, त्यामुळे तिच्यापुढे दाताचा नंबर नाही.

बेरीज मी दोनदा केली, ४२,१०० बरोबर आहे. सवलत १० टक्के लिहून वजा मात्र १,८१० च केलेत आणि तू म्हणालीस "४,२१० हवेत, फसवतायत". टक्क्याच्या शेजारी बारीक फुली आहे बघ आणि तळाशी "लॅब वर्क वगळून". कॅप आणि ब्रिज बाहेर लॅबमध्ये बनतात, ते २४,००० बाजूला काढले की १८,१०० उरतात. त्यांचे १० टक्के म्हणजे १,८१०. फसवणूक नाही, पण हे बोलून सांगायला हवं होतं, फुली मारून नाही. राहिले ४०,२९०, त्यातले निम्मे, २०,१४५, आगाऊ मागितलेत. इथे अडून राहा: ब्रिजचं ठरत नाही तोवर त्या ओळीचे आगाऊ देऊ नकोस. फक्त ४६ ची सुरुवात करा म्हण. ठणका तिथेच आहे, आणि कागदावरचा क्रम हा कामाचा क्रम नसतो.

आणि हो, कागदाच्या पाठीमागून काहीतरी उमटलेलं दिसतंय, उलट्या अक्षरांत. बहुतेक त्या मुदतीच्या आणि वॉरंटीच्या अटी असतील. उजेडात सरळ धरून त्या बाजूचाही फोटो काढ आणि पाठव. पैसे त्यानंतर भर.