भिंतीवरचा कालपट: 1818 ते 1947, पेपरच्या आधीचा आठवडा

पेपर मंगळवारी सकाळी. जुन्या कॅलेंडरची पाच पानं उलटी करून चिकटवली आहेत. खिडकीपासून दाराकडे वाचत यायचं. लाल म्हणजे कारण, निळा म्हणजे घटना, हिरवा म्हणजे परिणाम. हिरवी ओळ जिथे पुढच्या लाल ओळीत शिरते तिथे जाड बाण काढलाय. मोठा प्रश्न बाणावरच येतो, सनावर नाही. चौकटीत आपल्याकडचं, म्हणजे खानदेशातलं. कूलरच्या वाऱ्याने पान सुटलं तर चिकटपट्टी टेबलाच्या खणात आहे भो, मला उठवू नका.

पान 1: 1818 ते 1856

1818. लाल: मराठे सरदारांत फूट, तैनाती फौजेचा फास. निळा: तिसरं इंग्रज-मराठा युद्ध, बाजीराव दुसरा माल्कमला शरण. हिरवा: पेशवाई संपली, खानदेश कंपनीकडे.

[आपल्याकडे: सातपुड्यातल्या भिल्लांचे उठाव सुरूच राहिले, म्हणून 1825 मध्ये औट्रमने भिल्ल कोअर उभी केली. ज्यांच्याशी लढायचं त्यांनाच पगारावर घ्यायचं.]

1848 ते 1856. डलहौसी. दत्तक वारस नामंजूर: सातारा 1848, नंतर झाशी आणि नागपूर. अवध (1856) या यादीत नाही! ते गैरकारभाराचं कारण दाखवून घेतलं. चाचणी परीक्षेत मी अवध यातच घातलं होतं, तीन मार्क गेले.

[आपल्याकडे, 1852: जमिनीची नवी मोजणी आली. सारा वाढणार या भीतीने सावदा, यावल, फैजपूरकडचे शेतकरी बिथरले, मोजणी बंद पाडली, शेवटी लष्कर आणावं लागलं. ‘1857 पूर्वीचा असंतोष’ या प्रश्नात हे घाला. सगळे संथाळ उठाव लिहितील.]

हिरवा → लाल: संस्थानिक धास्तावलेले, शेतकरी साऱ्याने पिचलेला, शिपाई याच घरांतला.

पान 2: 1857 ते 1858

लाल, चार बोटं: गादी (खालसा धोरण), शेत (सारा), धर्म (ढवळाढवळीची भीती), बरॅक (भत्ता, बढती, समुद्रापार पाठवणं). काडतूस हे पाचवं बोट नाही, ती ठिणगी. उत्तराची सुरुवात काडतुसाने केली की तपासणारा ओळखतो, पोरगं गाईडवर बसलंय.

निळा: 29 मार्च बराकपूर, मंगल पांडे. 10 मे मेरठ. 11 मे दिल्ली, बहादूरशहा. मग कानपूर, लखनौ, झाशी. जून 1858 राणी पडली. एप्रिल 1859 तात्या टोपेंना फाशी.

[आपल्याकडे: खाज्या नाईक आणि भीमा नाईक. एप्रिल 1858 मध्ये अंबापाणीची लढाई. ‘उठाव फक्त उत्तरेत झाला’ या विधानाला हे आपलं उत्तर.]

हिरवा: कंपनी गेली, राणीचा जाहीरनामा 1 नोव्हेंबर 1858. संस्थानं खालसा करणं बंद. फौजेत गोऱ्यांचं प्रमाण वाढवलं. खजिना रिकामा, म्हणून 1860 मध्ये प्राप्तिकर.

पान 3: 1861 ते 1885

या पानावर सन कमी, बाण जास्त. हे मला सगळ्यात आवडतं, कारण कापूस आपल्या घरचा.

अमेरिकेत यादवी युद्ध (1861) → तिकडचा कापूस बंद → लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसावर → भाव चढले → काळ्या जमिनीत कापूसच कापूस, सावकार हसत कर्ज देतो → त्याच दशकात खानदेशातून रेल्वे, गाठी थेट मुंबईला → 1865 युद्ध संपलं → भाव कोसळले → कर्ज तिथेच, वर सारा वाढलेला → मे 1875, सुपे (पुणे जिल्हा): शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. माणसं फारशी मारली नाहीत, कागद जाळले. → 1879 दख्खन शेतकरी कायदा.

ही साखळी न बघता एकदा म्हणून दाखवा. आली की पान 3 झालं. दंगे मात्र पुणे आणि नगरकडचे. आपल्या जिल्ह्यात झाले असं जोशात लिहू नका.

बाकी पटापट. 1873 सत्यशोधक समाज. 1878 देशी वृत्तपत्र कायदा. 1883 इल्बर्ट बिल: गोऱ्यांनी एकजुटीने आरडाओरड केली, सरकार नमलं, संघटना केली की काम होतं हा धडा आपल्या लोकांनी तिथून घेतला. हिरवा → लाल: 28 डिसेंबर 1885 मुंबई, काँग्रेस, 72 प्रतिनिधी. अधिवेशन पुण्याला ठरलं होतं, कॉलऱ्यामुळे हललं.

पान 4: 1905 ते 1922

1905 बंगालची फाळणी (16 ऑक्टोबर). सांगायचं कारण: कारभाराची सोय. खरं कारण: फोडा आणि झोडा. दोन्ही लिहा, पहिलं खोडून दुसरं नको. हिरवा: स्वदेशी, बहिष्कार. 1906 मुस्लिम लीग. 1907 सुरत, जहाल-मवाळ फूट → सरकारला मोकळं रान → 1908 टिळकांना सहा वर्षं मंडाले, मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर. 1909 स्वतंत्र मतदारसंघ. इथे गोल काढा, हा बाण थेट 1947 ला लागतो. 1911 फाळणी रद्द, राजधानी दिल्लीला.

1916 लखनौ करार: फूट मिटली, लीगशीही हातमिळवणी. 1917 चंपारण, 1918 खेडा.

1919. लाल: युद्धात माणसं आणि पैसा दिला, बदल्यात रौलेट कायदा. निळा: 13 एप्रिल, जालियनवाला बाग. हिरवा → लाल: खिलाफतीचा प्रश्न त्यात मिसळला → 1920 असहकार → फेब्रुवारी 1922 चौरीचौरा → चळवळ मागे → स्वराज्य पक्ष.

1919 च्या कायद्यात द्विदल पद्धत प्रांतात. 1935 ला ती केंद्रात प्रस्तावित. दर वर्षी कुणीतरी उलटं लिहितं.

पान 5: 1927 ते 1947

1927 सायमन कमिशन, एकही भारतीय सदस्य नाही → बहिष्कार → नेहरू अहवाल → डिसेंबर 1929 लाहोर, पूर्ण स्वराज्य → 12 मार्च ते 6 एप्रिल 1930 दांडी.

[आपल्याकडे: साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडली ती याच सत्याग्रहासाठी. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी उतरून घेतली.]

1932: जातीय निवाडा (ऑगस्ट) → पुणे करार (24 सप्टेंबर), राखीव जागा संयुक्त मतदारसंघात. पान 4 वरचा गोल आठवा.

1935 कायदा → पुढे निवडणुका → प्रचार खेड्यात न्यायला हवा.

[आपल्याकडे: डिसेंबर 1936 फैजपूर, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. 1852 ला मोजणी अडवणारंही फैजपूरच. पान 1 पासून इथपर्यंत मी दोरा ताणलाय, डोकं अडकवू नका.]

1937 प्रांतिक मंत्रिमंडळं → 1939 न विचारता भारत युद्धात ओढला → राजीनामे → मार्च 1942 क्रिप्स, फसला → 8 ऑगस्ट ‘छोडो भारत’.

[आपल्याकडे: 9 सप्टेंबर 1942 नंदुरबार. तिरंगा घेतलेल्या मिरवणुकीवर गोळीबार, शिरीषकुमार आणि आणखी चार जण शहीद.]

फेब्रुवारी 1946 मुंबईत नौदलाचा उठाव: 1857 ची भीती परत, फौज भरवशाची राहिली नाही. कॅबिनेट मिशन. 16 ऑगस्ट 1946 प्रत्यक्ष कृती दिन. 3 जून 1947 माउंटबॅटन योजना. 15 ऑगस्ट.

दाराजवळची ही जागा मुद्दाम कोरी ठेवलीय. सोमवारी रात्री जेवून आलो की दिवा घालवायचा, प्रत्येकाने 1909 च्या गोलापासून 1947 पर्यंतचे बाण तोंडी सांगायचे. जो अडकेल, सकाळचा चहा त्याच्याकडे.